√७२ चे सोपे रूप: ३√८ वर का थांबायचे नाही

*माझी मुलगी नववीला आहे. "√७२ चे सोपे रूप द्या" या प्रश्नाला तिने ३√८ लिहिले आणि सरांनी एक गुण कापला. मी कॅल्क्युलेटरवर पाहिले, तर ३√८ आणि पुस्तकातले ६√२ या दोन्हींची किंमत ८.४८५ च येते. मग ३√८ चूक कसे? आणि ७२ मधून नेमका ३६ च बाहेर काढायचा हे पोरीला आधी कसे कळावे? मी शेती करतो, बारावीपर्यंत शिकलो आहे. नुसता नियम नको, कारण सांगा.*
*(एक पालक, अंबाजोगाई तालुका)*

आपल्या मुलीचे उत्तर किमतीने बरोबर आहे, पण ते अर्ध्या वाटेवर थांबलेले आहे. प्रश्नात किंमत विचारलेली नसून सोपे रूप विचारलेले आहे, आणि करणीच्या बाबतीत 'सोपे रूप' या शब्दांना ठरलेला अर्थ आहे: करणी चिन्हाखाली जी संख्या उरते तिला १ पेक्षा मोठ्या कोणत्याही पूर्ण वर्ग संख्येने भाग जाता कामा नये. ३√८ मध्ये चिन्हाखाली ८ उरले आहेत, ८ ला ४ ने भाग जातो आणि ४ हा २ चा वर्ग आहे. म्हणजे आणखी एक पायरी बाकी होती. √८ = √४ × √२ = २√२, म्हणून ३√८ = ३ × २√२ = ६√२. आता चिन्हाखाली २ उरले, त्यांना ४, ९, १६ अशा कोणत्याच वर्ग संख्येने भाग जात नाही, म्हणून येथे काम संपले. पेपर तपासताना मीही अशा उत्तराला पूर्ण गुण देत नाही. मात्र शून्यही देत नाही, कारण पहिली पायरी विद्यार्थिनीने बिनचूक केलेली असते.

कारण आपण मागितले आहे, आणि आपण शेती करता, तेव्हा ते जमिनीवरच मांडून दाखवतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असले तरी आपल्याकडे बोलताना एकर-गुंठेच चालतात. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस, म्हणजे १०८९ चौरस फूट. आता बरोबर ७२ गुंठ्यांचे, म्हणजे १ एकर ३२ गुंठ्यांचे, एक चौरस शेत आहे असे धरा. ३३ फुटांच्या लांबीला आपण तेवढ्यापुरते एक माप म्हणू. चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग, त्यामुळे या शेताची बाजू √७२ मापे भरेल. प्रश्न एवढाच की ही √७२ लांबी अधिक सुटसुटीतपणे कशी सांगायची.

या शेताच्या प्रत्येक बाजूचे सहा सारखे भाग करून उभ्या-आडव्या दोऱ्या टाकल्या, तर शेताचे सहा रांगांत सहा-सहा असे ३६ सारखे चौरस तुकडे पडतील. एकूण क्षेत्र ७२ गुंठे आणि तुकडे ३६, म्हणून प्रत्येक तुकडा २ गुंठ्यांचा होईल. २ गुंठ्यांच्या चौरसाची बाजू √२ मापे असते, आणि शेताच्या एका बाजूवर असे सहा तुकडे एकापुढे एक लागलेले आहेत, म्हणून शेताची बाजू ६ × √२ मापे होते. √७२ = ६√२ या समीकरणात याहून अधिक काहीही दडलेले नाही. ३६ ही पूर्ण वर्ग संख्याच का लागते, हेही यातूनच कळते: तुकडे चौरस हवे असतील आणि ते सारखे हवे असतील, तर रांगा जितक्या तितकेच प्रत्येक रांगेतले तुकडे असले पाहिजेत, म्हणजे तुकड्यांची एकूण संख्या २ × २, ३ × ३, ४ × ४ अशीच येऊ शकते.

मुलीने काय केले तेही याच शेतावर पाहता येते. तिने प्रत्येक बाजूचे तीन भाग केले, त्यामुळे नऊ तुकडे पडले आणि प्रत्येक तुकडा ८ गुंठ्यांचा झाला. अशा तुकड्याची बाजू √८, आणि शेताची बाजू ३√८. यात काहीही चूक नाही. परंतु ८ गुंठ्यांचा प्रत्येक चौरस तुकडा मधोमध उभी-आडवी एकेक दोरी टाकून पुन्हा चार चौरसांत वाटता येतो, आणि हे चारही चौरस २ गुंठ्यांचे येतात, पूर्ण गुंठ्यांत येतात, शिल्लक काही राहत नाही. २ गुंठ्यांच्या चौरसाची मात्र आणखी तशी वाटणी होत नाही, कारण त्याचे चार केले तर प्रत्येकी अर्धा गुंठा येईल आणि नऊ केले तर त्याहूनही कमी. पूर्ण गुंठ्यांत होणारी वाटणी जेथे संपते ते सोपे रूप. कोणी प्रथम बाजूचे दोनच भाग केले, तर त्याला चार तुकडे प्रत्येकी १८ गुंठ्यांचे मिळतील आणि उत्तर २√१८ येईल. मग १८ चे नऊ तुकडे करता येतात हे त्याच्या लक्षात आले, तर २ × ३√२ करून तोही ६√२ लाच पोहोचेल. ७२ ला १ सोडून ४, ९ आणि ३६ या तीनच पूर्ण वर्ग संख्यांनी भाग जातो, त्यामुळे वाटा एवढ्याच आहेत आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणी मिळतात.

फुटांत हिशेब करून पाहू. एका गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण √२ मापांचा, म्हणजे सुमारे ३३ × १.४१४२ = ४६.६७ फूट असतो. त्याच्या सहापट घेतली की शेताची बाजू सुमारे २८० फूट येते. उलट तपासायचे तर २८० × २८० = ७८,४०० चौरस फूट, आणि ७२ × १०८९ = ७८,४०८ चौरस फूट. पाऊण लाखाहून मोठ्या क्षेत्रात अवघ्या ८ चौरस फुटांचा फरक राहिला, तोही २८० हा आकडा आपण पूर्णांकात घेतला म्हणून.

नियमाच्या भाषेत हेच असे लिहितात: a आणि b या धन संख्या असतील तर √(a × b) = √a × √b. कारण उजवीकडच्या गुणाकाराचा वर्ग केला तर √a × √a × √b × √b, म्हणजे a × b मिळतात, आणि ज्या धन संख्येचा वर्ग a × b आहे तीच √(a × b). येथे 'धन' हा शब्द शोभेसाठी नाही. ७२ हे (−८) × (−९) असेही लिहिता येतात, पण तेथे हा नियम लावून काही निष्पन्न होत नाही, कारण ऋण संख्येला वास्तव संख्यांमध्ये वर्गमूळच नाही. नववीत ही अडचण येत नाही, तरी पुढे येते, म्हणून सांगून ठेवतो.

अडचण येते ती दुसरीकडे. गुणाकारासाठी चालणारा हा नियम मुले बेरजेलाही लावतात, आणि ७२ च्या बाबतीत तो मोह मोठा असतो, कारण ६४ ही वर्ग संख्या ७२ च्या अगदी जवळ आहे. ७२ = ६४ + ८, म्हणून √७२ = ८ + √८ असे लिहिलेले मी अनेक वह्यांत पाहिले आहे. ८ + √८ म्हणजे सुमारे १०.८३. परंतु ७२ ही संख्या ६४ आणि ८१ यांच्या मध्ये आहे, तेव्हा तिचे वर्गमूळ ८ आणि ९ यांच्या मध्येच असले पाहिजे; १०.८३ येऊच शकत नाही. ही तपासणी मुलीला नेहमी करायला सांगा, कारण तिला कॅल्क्युलेटर लागत नाही आणि बहुतेक मोठ्या चुका तिच्यात सापडतात. बेरीज का चालत नाही हेही शेतावरून दिसते: ८ + √८ एवढ्या बाजूच्या चौरसात ६४ गुंठ्यांचा एक आणि ८ गुंठ्यांचा एक असे दोन चौरस कोपऱ्यांत बसतात खरे, पण त्यांच्या बगलेला ८ × √८ क्षेत्राच्या दोन आयताकृती पट्ट्या उरतात. त्या दोन पट्ट्यांचेच मिळून ४५ गुंठ्यांहून थोडे अधिक क्षेत्र होते. म्हणजे ते शेत ७२ चे नसून ११७ गुंठ्यांचे झाले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ३६ आधी कळलाच पाहिजे असे मुळीच नाही. तो कळला तर एका पायरीत काम होते, नाही कळला तर दोन पायऱ्यांत होते, आणि दोन पायऱ्यांत केल्याबद्दल कोणी गुण कापत नाही. गुण जातात ते थांबल्यामुळे. तरीही तो लवकर सापडावा यासाठी मी वर्गात एक साधी रीत देतो. वर्ग संख्या शोधत वरून खाली येण्याऐवजी लहान संख्यांनी भागत खालून वर जावे. ७२ ला २ ने भागा, भागाकार ३६ येतो, आणि ३६ पूर्ण वर्ग आहे हे पाठ असते; तेथेच √७२ = √(३६ × २) मिळाले. भागाकार पूर्ण वर्ग नसता तर ३ ने, मग ५ ने, ६ ने, ७ ने, १० ने असे भागून पाहिले असते. ४, ८, ९ यांनी भागायचे नाही, कारण त्यांच्यात स्वतःतच वर्ग दडलेला आहे आणि आपल्याला चिन्हाखाली असा वर्ग ठेवायचा नाही. शाळेत विचारल्या जाणाऱ्या बहुतेक उदाहरणांत शेवटी चिन्हाखाली २, ३, ५, ६ किंवा ७ च उरतात, म्हणून ही रीत तीन-चार भागाकारांत संपते. तिच्यासाठी १५ पर्यंतचे वर्ग मात्र तोंडपाठ हवेत, म्हणजे २२५ पर्यंत.

ही रीत न चालल्यास, किंवा संख्या मोठी असल्यास, मूळ अवयव पाडणे हा खात्रीचा मार्ग आहे. ७२ चे मूळ अवयव २ × २ × २ × ३ × ३. वर्गमूळ काढताना सारख्या अवयवांच्या जोड्या लावायच्या: २ ची एक जोडी, ३ ची एक जोडी, आणि एक २ एकटा. प्रत्येक जोडीतून एकच अवयव बाहेर येतो, कारण √(२ × २) = २; जो एकटा आहे तो आतच राहतो. बाहेर आलेल्या २ आणि ३ यांचा गुणाकार ६, आत उरले २, उत्तर ६√२. मुलीचे ३√८ कसे आले तेही येथे स्पष्ट दिसते: तिने ३ ची जोडी बाहेर काढली आणि २ × २ × २ तसेच आत राहू दिले, त्यातली जोडी पाहिली नाही.

या ठिकाणी दोन चुका इतक्या वारंवार होतात की त्या नावानिशी सांगितलेल्या बऱ्या. पहिली म्हणजे बाहेर आलेल्या अवयवांचा गुणाकार करण्याऐवजी बेरीज करणे. ३√८ पर्यंत आलेला विद्यार्थी √८ मधून २ बाहेर आले हे बरोबर ओळखतो, पण बाहेर आधीच ३ आहेत म्हणून ३ + २ = ५ करतो आणि ५√२ लिहितो. त्याची किंमत ७.०७ च्या आसपास येते, ८ आणि ९ यांच्या मध्ये येत नाही, म्हणजे तीच तपासणी येथेही चूक पकडते. दुसरी चूक म्हणजे ३६ चे वर्गमूळ न घेता ३६ च बाहेर आणणे, म्हणजे ३६√२. याची किंमत ५० च्या वर जाते, तेव्हा ती दिसायला हवी. तरी घाईत दिसत नाही.

यांखेरीज लिखाणातल्या दोन बारीक गोष्टी आहेत, ज्यांच्यामुळे समजूत पक्की असूनही उत्तर चुकते. करणी चिन्हाची आडवी रेघ पूर्ण संख्येवर ओढलेली असली पाहिजे. √(३६ × २) लिहिताना रेघ फक्त ३६ वर थांबली, तर त्याचा अर्थ ६ × २ म्हणजे १२ होतो, आणि पुढच्या ओळीत मूल स्वतःच तसे वाचते. तसेच ६√२ मधला ६ करणी चिन्हाच्या खाचेत, वरच्या बाजूला लहान अक्षरात लिहू नये. तेथे करणीची कोटी लिहितात, आणि तेथे ६ लिहिले तर ते २ चे सहावे मूळ होते, ज्याची किंमत १.१२ च्या जवळ आहे. सहगुणक नेहमी चिन्हाच्या डावीकडे, ओळीत आणि पूर्ण आकारात लिहावा.

काम संपले की नाही हे कसे ओळखायचे, याबाबत मुलांची एक सवय घातक आहे. ती चिन्हाखालच्या संख्येला ४ ने भागून पाहतात, ९ ने भागून पाहतात, आणि दोन्हींनी भाग गेला नाही की उत्तर झाले असे समजतात. √२९४ घ्या. ९४ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून २९४ लाही जात नाही. अंकांची बेरीज १५ येते, म्हणून ९ नेही जात नाही. २५ चा तर प्रश्नच नाही. येथे बरेच जण "सोपे रूप होत नाही" असे लिहून मोकळे होतात. पण आधीच्या रीतीने भागत गेलो, तर २ ने १४७ येतात, ३ ने ९८ येतात, ५ ने भाग जात नाही, ६ ने भागले की ४९ येतात, आणि ४९ हा ७ चा वर्ग आहे. म्हणून √२९४ = ७√६. मूळ अवयवांनी गेलो तरी २९४ = २ × ३ × ७ × ७ लगेच दिसते. म्हणून तपासताना ४ आणि ९ यांच्यावर न थांबता २५, ४९, १२१ असे मूळ संख्यांचे वर्ग घेत पुढे जावे, आणि चिन्हाखालच्या संख्येपेक्षा वर्ग मोठा झाला की थांबावे. १६, ३६, १०० यांची वेगळी तपासणी करण्याची गरज नाही, कारण त्यांनी भाग जात असेल तर ४ ने आधीच गेलेला असतो.

काही संख्यांचे सोपे रूप खरोखरच होत नाही, हेही मुलीला सांगा, नाहीतर ती प्रत्येक ठिकाणी काहीतरी बाहेर काढू पाहील. ७२ च्या शेजारीच पाहा. ७१ आणि ७३ या मूळ संख्या आहेत, म्हणून √७१ आणि √७३ आहेत तशाच राहतात. ७० मूळ संख्या नाही, तरीही √७० तशीच राहते, कारण ७० = २ × ५ × ७ आणि त्यात एकही जोडी नाही. संख्येला अवयव असणे पुरेसे नाही, अवयव पुन्हा आलेला असला पाहिजे.

इतका खटाटोप करायचा कशासाठी, हा प्रश्न आपल्या मनात येणार, कारण किंमत तर कॅल्क्युलेटर देतोच. उत्तर बेरीज-वजाबाकीत आहे. √७२ − √५० + √१८ हे उदाहरण पाहिले तर तिन्ही करण्या वेगळ्या दिसतात आणि पुढे काय करावे ते सुचत नाही. प्रत्येकीचे सोपे रूप काढले की ६√२ − ५√२ + ३√२ असे होते. आता तिन्ही सरूप आहेत, म्हणजे चिन्हाखाली एकच संख्या आहे, आणि सहगुणकांचा हिशेब करून ४√२ हे उत्तर मिळते. मुलीने येथे √७२ च्या जागी ३√८ ठेवले असते, तर ३√८ आणि ५√२ यांची वजाबाकी अडून राहिली असती. सोपे रूप शेवटपर्यंत न्यावे, असा आग्रह शिक्षक धरतात तो यासाठी.

करण्यांच्या बेरजेची आणखी एक रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी, म्हणजे १११४ साली जन्मलेल्या लीलावतीकार भास्कराचार्यांनी, बीजगणितात करणी २ आणि करणी ८ यांची बेरीज विचारली आहे, आणि तिचे उत्तर करणी १८ येते. रीत अशी की दोन्ही संख्या मिळवायच्या आणि त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची दुप्पट त्यात घालायची. २ + ८ = १०, २ × ८ = १६, त्याचे वर्गमूळ ४, दुप्पट ८, एकूण १८. आपल्या रीतीने √२ + २√२ = ३√२, आणि ३√२ म्हणजे √१८ च. याच पद्धतीने √८ + √३२ करून पाहा: ८ + ३२ = ४०, गुणाकार २५६, त्याचे वर्गमूळ १६, दुप्पट ३२, एकूण ७२. म्हणजे √८ + √३२ = √७२, आणि सोप्या रूपात २√२ + ४√२ = ६√२. गुणाकार पूर्ण वर्ग आला तरच या रीतीने दोन करण्यांची एक करणी होते. दोन्ही करण्या सरूप होतात की नाही याचीच ती दुसऱ्या बाजूने केलेली परीक्षा आहे. मला स्वतःला मुलांकडून दोन्ही रीती करून घेणे आवडते, कारण एकीने दुसरी तपासता येते.

दहावीत वर्गसमीकरणे आली की √७२ पुन्हा भेटते. x² + ४x − १४ = ० हे समीकरण सूत्राने सोडवले, तर b² − ४ac = १६ + ५६ = ७२ येतात, म्हणून x = (−४ ± √७२) ÷ २. सोपे रूप काढल्याशिवाय येथे २ ने भागताच येत नाही. ते काढले की (−४ ± ६√२) ÷ २ = −२ ± ३√२. यात एकच काळजी घ्यावी लागते: २ ने दोन्ही पदांना भागायचे असते. −४ तसेच ठेवून −४ ± ३√२ लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

एक शेवटची सूचना करतो, कारण पुढे घनमूळ आले की मुले जोड्यांचीच सवय चालू ठेवतात. जोड्या लावायच्या त्या वर्गमूळासाठी. घनमूळासाठी तीन-तीन सारख्या अवयवांचे गट लागतात. ७२ = २ × २ × २ × ३ × ३ यात २ चा एक पूर्ण गट आहे आणि ३ दोनच आहेत, म्हणून ∛७२ = २∛९. म्हणजे वर्गमूळात जे ८ आपल्या मुलीला आडवे आले, ते घनमूळात पूर्ण बाहेर पडतात, आणि तेथे ९ अडकून राहतात.

सरावासाठी तिला √१०८, √१८०, √२४२ आणि √१०५ ही चार द्या. पहिल्यात ३ ने भागताच ३६ दिसले पाहिजेत आणि उत्तर ६√३ आले पाहिजे. २√२७ किंवा ३√१२ लिहिले तर तीच जुनी थांबण्याची सवय अजून गेलेली नाही असे समजावे. दुसऱ्याचे उत्तर ६√५. तिसऱ्यात २ ने भागल्यावर १२१ येतात, आणि ११ चा वर्ग पाठ असेल तर ११√२ लगेच मिळते. चौथ्यात १०५ = ३ × ५ × ७, तेथे काहीच बाहेर येत नाही; ती किती वेळ शोधत राहते आणि मूळ अवयव पाडून मोकळी केव्हा होते, ते पाहावे.